दान मागणारे संकेतस्थळ नेमके कोणाचे आहे, हे कसे पडताळावे?

प्रश्न: भूकंपग्रस्तांसाठी निधी गोळा करणाऱ्या एका संस्थेच्या संकेतस्थळाची लिंक परिचितांकडून आली आहे. संस्थेचे नाव ऐकलेले आहे, पानाच्या तळाशी नोंदणी क्रमांक आहे आणि पत्त्याच्या सुरुवातीला `https` आहे. पैसे द्यायचे आहेत, पण संकेतस्थळ खरे आहे याची खात्री कशी करावी?

उत्तर: आपण ज्या तीन गोष्टी पाहिल्या, त्या तिन्ही खऱ्या असूनही आपले पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात जाऊ शकतात. मी अनुदान देणाऱ्या एका न्यासासाठी संस्थांची पडताळणी करतो आणि या कामात संकेतस्थळ खरे की खोटे असा थेट प्रश्न मी सहसा विचारत नाही. त्याऐवजी तीन वेगवेगळे प्रश्न विचारतो. पानावर ज्या संस्थेचे नाव आहे ती कायद्याने अस्तित्वात आहे का? हे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा मूळ पत्ता, त्याच संस्थेच्या ताब्यात आहे का? आणि 'दान करा' या बटणानंतर पैसे ज्या खात्यात जातात, ते त्याच संस्थेचे आहे का? फसवणूक बहुधा पहिल्या प्रश्नात नसते, कारण खरे नाव उसने घेणे फार सोपे असते. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात असते आणि बहुतेक दाते पहिल्याच प्रश्नाशी थांबतात.

आधी `https` चे पाहू. त्याचा अर्थ एवढाच की आपला ब्राउझर आणि ते संकेतस्थळ यांच्यामधली देवाणघेवाण वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसले आहे, याविषयी ते काहीही सांगत नाही. 2015 पासून 'लेट्स एन्क्रिप्ट'सारख्या सेवा यासाठी लागणारे प्रमाणपत्र विनामूल्य आणि स्वयंचलित पद्धतीने देतात. अर्जदाराचा त्या डोमेनवर ताबा आहे एवढेच त्या तपासतात. तो कोण आहे, काय करतो, हे विचारत नाहीत. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाचा लोक 'विश्वासार्ह संकेतस्थळ' असा चुकीचा अर्थ लावतात, हे लक्षात आल्यामुळेच गूगलने 2023 मध्ये क्रोमच्या संगणकावरील आवृत्तीतून ते चिन्ह काढून टाकले. हीच गोष्ट `.org` ची. ते केवळ सेवाभावी संस्थांनाच मिळते असा समज आहे. प्रत्यक्षात ते कोणालाही नोंदवता येते.

या विषयातले एक जुने प्रकरण मला अजूनही सर्वांत बोलके वाटते. ऑगस्ट 2005 च्या अखेरीस कतरीना चक्रीवादळाने अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर हाहाकार माजवला आणि त्यानंतर लगेचच दोन भावांनी `salvationarmyonline.org` या पत्त्यावर संकेतस्थळ उभे केले. 'साल्व्हेशन आर्मी' ही खरी, जुनी आणि मदतकार्यात प्रत्यक्ष उतरलेली संस्था होती. मात्र तिच्या अमेरिकेतील संकेतस्थळाचा पत्ता `salvationarmyusa.org` असा होता. बनावट संकेतस्थळावरून दिलेले पैसे पेपालच्या खात्यांमार्फत या भावांकडे जात होते आणि अशा रीतीने 48,000 डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. पुढे दोघेही दोषी ठरले आणि 2009 मध्ये अपील न्यायालयाने ती दोषसिद्धी कायम केली. यातला लक्षात घेण्याजोगा भाग असा, की त्या दिवसांत एखाद्या दक्ष दात्याने ही संस्था नोंदणीकृत आहे का, अशी चौकशी केली असती, तर त्याला 'होय' असेच उत्तर मिळाले असते. नाव खरे होते. डोमेन आणि खाते दुसऱ्यांचे होते.

म्हणून पडताळणीची दिशा महत्त्वाची ठरते. बहुतेक लोक संकेतस्थळावरून नोंदणी क्रमांक उचलतात, शासकीय नोंदवहीत टाकतात, नाव जुळले की समाधान मानतात. पण दुसऱ्याच्या गाडीची नंबरप्लेट आपल्या गाडीला लावावी, तसा दुसऱ्या संस्थेचा क्रमांक आपल्या पानावर छापता येतो, आणि तो जुळणारच, कारण तो खराच असतो. उलट दिशेने जावे. आलेली लिंक काही वेळ बाजूला ठेवावी, नोंदवहीत संस्थेचे नाव स्वतः शोधावे आणि त्या नोंदीवरून संस्थेच्या संकेतस्थळापर्यंत पोहोचावे. तिथे पोहोचल्यावर आपण त्याच डोमेनवर आलो का, हे पाहावे.

हे किती सहज जमेल, ते देशावर अवलंबून आहे. इंग्लंड व वेल्सच्या चॅरिटी कमिशनच्या सार्वजनिक नोंदवहीत संस्थेचे संकेतस्थळ, दूरध्वनी आणि विश्वस्तांची नावे दिलेली असतात. ऑस्ट्रेलियाच्या एसीएनसी या नियामकाच्या नोंदवहीतही संकेतस्थळाचा पत्ता मिळतो. अमेरिकेत करसवलत असलेल्या संस्थांचा शोध आयआरएस या तिथल्या कर विभागाच्या संकेतस्थळावर घेता येतो. संकेतस्थळाचा पत्ता मात्र संस्थेने भरलेल्या वार्षिक विवरणपत्रात, म्हणजे फॉर्म 990 च्या पहिल्याच पानावर `J` या अक्षरासमोर, सापडतो. मी तो रकाना नेहमी पाहतो, कारण ते विवरणपत्र संस्थेने स्वतःच्या सहीने सरकारला दिलेले असते आणि भूकंपाच्या कितीतरी आधी दिलेले असते. भारतात आयकर विभागाच्या संकेतस्थळावर करसवलतीसाठी मान्य संस्थांची यादी तपासता येते. जिथे नोंदवहीत संकेतस्थळच दिलेले नसते, तिथे तिच्यातील पत्ता किंवा दूरध्वनी यांचा आधार घेऊन पुढे जावे लागते.

नाव शोधताना ते अक्षरशः जुळवावे. नामांकित संस्थेच्या नावात 'फाउंडेशन', 'मिशन' किंवा 'रिलीफ' असा एखादा शब्द जोडून वेगळी संस्था नोंदवणे बेकायदेशीर असतेच असे नाही, पण त्यातून होणारा गैरसमज काही वेळा हेतुपुरस्सर असतो. आपण ऐकलेले नाव आणि पानावरचे नाव यांत एका शब्दाचा फरक असेल, तर त्या दोन वेगळ्या संस्था आहेत असे धरून चालावे आणि एकच आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे मागणाऱ्यावर टाकावी.

नोंदवहीत नाव न सापडणे म्हणजे लबाडी, असाही निष्कर्ष काढू नये. इंग्लंड व वेल्समध्ये वार्षिक उत्पन्न 5,000 पौंडांपेक्षा कमी असलेल्या बहुतेक संस्थांवर नोंदणीचे बंधन नाही. अमेरिकेत चर्चना फॉर्म 990 भरावा लागत नाही आणि अगदी लहान संस्था त्याऐवजी एक छोटी इलेक्ट्रॉनिक सूचना देतात. आपत्तीनंतर स्थानिक लोकांनी घाईने उभारलेला गट प्रामाणिक असूनही कुठल्याच यादीत नसू शकतो. अशा गटाला मदत करू नये असे मी म्हणत नाही; पण त्याची खातरजमा कागदपत्रांवरून होत नाही. त्या भागात राहणाऱ्या, त्या गटाला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या माणसाशी बोलूनच ती होते. परिचितांनी लिंक पाठवली म्हणजे त्यांनी ओळख दिली, असे मात्र मानू नये. त्यांनाही ती बहुधा दुसऱ्या कोणीतरी पाठवलेली असते.

आता डोमेनकडे वळू. पत्ता वाचताना पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंतचाच भाग घ्यावा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावा. मालकी ठरते ती शेवटच्या भागावरून. डावीकडे काय लिहायचे, हे त्या मालकाच्या मर्जीवर असते. नमुन्यादाखल हे दोन पत्ते पाहा:

```
https://donate.example.org/earthquake
https://example.org.help.example/donate
```

पहिला `example.org` च्या मालकाचा आहे. दुसऱ्यात तेच नाव ठळकपणे सुरुवातीला दिसते, पण त्याची मालकी `help.example` कडे आहे. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर पत्ता पुष्कळदा अर्धाच दिसतो, त्यामुळे तो पूर्ण उघडून किंवा नक्कल करून दुसरीकडे चिकटवून वाचावा. चिकटवल्यावर त्यात `xn--` अशी अक्षरे दिसली, तर नावात साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडची अक्षरे आहेत. काही भाषांतल्या डोमेनांत ते स्वाभाविक असते. पण इंग्रजी नावाच्या संस्थेच्या पत्त्यात ती दिसली, तर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी केलेली ती नक्कल असण्याचीच शक्यता जास्त.

डोमेन कधी नोंदवले गेले, हे `lookup.icann.org` येथे पत्ता टाकून पाहता येते. `Created` या शब्दासमोरची तारीख आपल्याला हवी असते. मालकाचे नाव तिथे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, कारण 2018 पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी ते बहुतेक नोंदींत झाकलेले असते आणि ते झाकलेले असणे हे संशयाचे कारण नव्हे. काही देशांच्या स्वतःच्या डोमेनांची माहिती या ठिकाणी मिळत नाही. ती त्या त्या देशाच्या नोंदणी केंद्राकडे पाहावी लागते. तारीख वाचताना ती पानावरच्या दाव्याशी ताडून पाहावी. डोमेन नवे असणे हा गुन्हा नाही. भूकंपानंतर सुरू केलेल्या मोहिमेचे डोमेन नवेच असणार. पण 'वीस वर्षांपासून सेवेत' असे लिहिणारे पान दोन आठवड्यांपूर्वीच्या डोमेनवर असेल, तर त्या संस्थेचे आधीचे संकेतस्थळ कुठे आहे आणि त्यावर या नव्या पानाची लिंक आहे का, हे विचारलेच पाहिजे.

याउलट डोमेन जुने असले म्हणून निर्धास्त होऊ नये. बंद पडलेल्या संस्थांची डोमेने मुदत संपल्यावर कोणीही विकत घेऊ शकतो आणि जुन्या नावाची पुण्याई त्याला आयती मिळते. यासाठी मी `web.archive.org` वर त्या पत्त्याची जुनी रूपे पाहतो. वर्षानुवर्षे तीच संस्था, तेच काम दिसत असेल तर ठीक. मध्येच काही वर्षे पान रिकामे, मग एखादा जुगाराचा किंवा जाहिरातींचा मजकूर आणि आता एकाएकी मदतनिधी, असा क्रम दिसला तर मी पुढे जात नाही.

तिसरा प्रश्न, म्हणजे खाते, माझ्या मते सर्वांत निर्णायक असतो आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. पैसे देण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर, पुष्टी देण्यापूर्वी, पडद्यावर घेणाऱ्याचे नाव येते. तिथे घाई न करता ते नाव वाचावे. क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन केल्यावर ॲपमध्ये दिसणारे नाव प्रमाण मानावे. कोडच्या भोवती छापलेले नाव कोणीही छापू शकतो. बँक खात्यात थेट रक्कम पाठवताना काही देशांत खातेदाराचे नाव आणि खाते क्रमांक जुळतात का, हे बँक आधीच सांगते: ब्रिटनमधील मोठ्या बँकांत ही सोय 2020 पासून आहे आणि युरो चलनाच्या देशांत ऑक्टोबर 2025 पासून ती बंधनकारक झाली आहे. बँकेने नाव जुळत नाही असे सांगितले आणि पैसे मागणाऱ्याने 'तांत्रिक अडचण आहे, तरी पुढे जा' असे सांगितले, तर तिथेच थांबावे.

मात्र नाव वेगळे दिसण्याची काही प्रामाणिक कारणे असतात, आणि ती माहीत नसली तर चांगल्या संस्थाही विनाकारण संशयित ठरतात. संस्थेचे कायदेशीर नाव आणि लोकांना ठाऊक असलेले नाव पुष्कळदा वेगळे असते. पैसे स्वीकारण्याची यंत्रणा तिसऱ्याच कंपनीची असते. कधी दान एखाद्या निधिसंकलन मंचामार्फत जाते आणि आपल्या बँकेच्या खातेउताऱ्यात त्या मंचाचे नाव येते. कधी नोंदणी नसलेला उपक्रम एखाद्या मोठ्या संस्थेच्या छत्राखाली पैसे घेतो. या सर्व शक्यतांत एक गोष्ट समान असते: संस्थेच्या स्वतःच्या, नोंदवहीतून सापडलेल्या संकेतस्थळावर त्या व्यवस्थेचा उल्लेख असतो किंवा विचारल्यावर तो लेखी मिळतो. खाते व्यक्तीच्या नावाचे असेल, तर मात्र माझी भूमिका कडक असते. असे खाते अप्रामाणिकच असते असे नाही. एकदा आमच्याकडे एका लहान गटाची विनंती आली होती आणि खाते कोषाध्यक्षांच्या नावाचे होते. चौकशीअंती नोंदणी प्रलंबित असल्याचे दिसले, काम खरे होते. तरीही ती रक्कम आम्ही त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फतच दिली, कारण व्यक्तीच्या खात्यात गेलेल्या पैशाचा हिशेब नंतर मागता येत नाही.

ही पडताळणी प्रत्यक्षात कशी होते, हे एका प्रकरणावरून सांगतो. तपशील ओळख पटणार नाही असे बदलले आहेत. आमच्या एका देणगीदाराने आपल्यासारखीच लिंक पाठवली होती. पानावर परिचित संस्थेचे नाव, तिचा खरा नोंदणी क्रमांक आणि उत्तम छायाचित्रे होती. मी नोंदवहीतून संस्थेच्या मूळ संकेतस्थळावर गेलो, तेव्हा तिथे भूकंपाचे आवाहन होते, पण वेगळ्या डोमेनवर नेणारा एकही दुवा नव्हता. देणगीदाराने पाठवलेले डोमेन भूकंपानंतर नोंदवलेले होते. पानाच्या तळाशी 'वार्षिक अहवाल', 'विश्वस्त' आणि 'गोपनीयता धोरण' असे दुवे होते. त्यांवर टिचकी मारली की पान पुन्हा सुरुवातीलाच जात असे. नक्कल केलेल्या संकेतस्थळांत हे वारंवार दिसते, कारण त्यांना फक्त एकच बटण चालू असण्याची गरज असते. त्या बटणानंतर एक क्यूआर कोड आला आणि स्कॅन केल्यावर एका व्यक्तीचे नाव दिसले.

इथे बहुतेकांना खात्री वाटेल, पण मी एक पाऊल बाकी ठेवतो: दूरध्वनी. क्रमांक नोंदवहीतला घ्यायचा, त्या पानावरचा नव्हे, कारण बनावट पानावरच्या क्रमांकावर फोन केल्यास उत्तर देणाराही बनावटच असतो आणि तो फार आपुलकीने बोलतो. संस्थेच्या कार्यालयाला तीनच गोष्टी विचारल्या: हे डोमेन तुमचे आहे का, ही मोहीम तुमची आहे का आणि दान कोणत्या नावाच्या खात्यात स्वीकारता. पहिल्याच प्रश्नाला नकार मिळाला. डोमेनची तारीख किंवा तुटके दुवे यांतील कोणतीही एक गोष्ट स्वतंत्रपणे पुरेशी नव्हती. एखाद्या खऱ्या संस्थेचेही संकेतस्थळ अर्धवट आणि गचाळ असू शकते. खूण पटली ती डोमेन, खाते आणि कार्यालय या तिन्हींनी एकाच दिशेने बोट दाखवल्यामुळे.

छायाचित्रांचा उलट शोध घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो घेतो, पण त्यावर फार भिस्त ठेवत नाही, कारण खऱ्या संस्थाही वृत्तसंस्थांची छायाचित्रे वापरतात. दहा वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या देशातल्या आपत्तीचे छायाचित्र 'कालचे दृश्य' म्हणून दिले असेल, तेवढ्यापुरताच त्याचा उपयोग.

या साऱ्या पडताळणीची एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. पैसे योग्य संस्थेकडे जात आहेत का, एवढेच तिच्यातून कळते; ती संस्था पैशांचे काय करते, हे कळत नाही. 2015 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सर्व 50 राज्ये आणि राजधानीचा प्रदेश यांच्यासह 'कॅन्सर फंड ऑफ अमेरिका' आणि तिच्याशी संबंधित तीन संस्थांवर दावा दाखल केला. कर्करुग्णांच्या नावाने त्यांनी दात्यांकडून 18.7 कोटी डॉलर गोळा केले आणि त्याचा बहुतांश भाग चालक, त्यांचे नातलग, मित्र आणि निधी गोळा करणाऱ्या कंपन्या यांच्याकडे गेला, असा आरोप होता. या संस्था नोंदणीकृत होत्या, त्यांची नावे, संकेतस्थळे आणि खाती आपापसांत जुळत होती; माझ्या तिन्ही प्रश्नांत त्या उत्तीर्ण झाल्या असत्या. असा प्रकार ओळखण्यासाठी लेखापरीक्षित हिशेब आणि वार्षिक विवरणपत्र वाचावे लागते, आणि मोठी रक्कम किंवा दरवर्षी द्यायची रक्कम असेल तर ते वाचावेच. तातडीच्या मदतीसाठी एकदाच द्यायच्या रकमेसाठी निदान इतके पाहावे, की संस्था अशा आपत्तीत आधी प्रत्यक्ष काम केलेली आहे का.

शेवटी पैसे देण्याच्या पद्धतीविषयी. क्रेडिट कार्डाने दिलेली रक्कम फसवणूक झाल्यास बँकेकडे तक्रार करून परत मिळण्याची काही शक्यता असते. थेट बँक हस्तांतरणात ती फार कमी असते आणि भेटकार्ड किंवा क्रिप्टोचलन यांत जवळपास नसतेच. संकेतस्थळ फक्त या शेवटच्या मार्गांनीच पैसे मागत असेल, तर उरलेली पडताळणी करण्याचीही गरज नाही. 'आधी अगदी छोटी रक्कम देऊन पाहतो' ही युक्ती मात्र करू नका. बनावट पानाला पुष्कळदा आपली रक्कम नको असते, आपल्या कार्डाचा क्रमांक हवा असतो, आणि तो छोट्या रकमेसाठीही पूर्णच भरावा लागतो.

आपल्या बाबतीत सर्वांत सोपा मार्ग असा, की आलेल्या लिंकवरून दान करूच नये. नोंदवहीतून संस्थेचे संकेतस्थळ शोधावे आणि तिथे भूकंपाचे आवाहन असेल तर तिथूनच पैसे द्यावेत. त्या लिंकचे खरेखोटे मग आपल्याला ठरवावेही लागणार नाही. त्या पानावर कार्डाची माहिती आधीच भरली असेल, तर मात्र आजच बँकेला कळवून कार्ड बंद करून घ्या, पानाची आणि पावतीची पडद्यावरील चित्रे जपून ठेवा आणि त्याच वेळी मूळ संस्थेलाही कळवा, कारण ते पान बंद करवून घेण्यासाठी तिच्या तक्रारीला आपल्या तक्रारीपेक्षा अधिक वजन असते.